प्रायमरच्या प्रॅक्टिकलआधी: टीएम, स्टॅकिंग आणि जीसी

एमएस्सी पार्ट वनच्या मुलामुलींनी ग्रुपवर विचारलेले प्रश्न इथे एकत्र करतेय, कारण सोमवारी प्रायमर डिझाइन आहे आणि तोच तो गोंधळ दरवर्षी होतो.

ताई, टीएम म्हणजे डीएनए वितळतो ते तापमान ना?

वितळत काहीच नाही गं, दोन स्ट्रँड एकमेकांपासून सुटतात. ज्या तापमानाला अर्धे डुप्लेक्स सुटलेले आणि अर्धे जोडलेले असतात ते टीएम. २६० नॅनोमीटरला ॲब्सॉर्बन्स बघत हळूहळू गरम करायचं, ते साधारण ३७ टक्क्यांनी वाढतं आणि एस आकाराचा कर्व्ह मिळतो, त्याच्या मधोमध टीएम. आता हे वाढतं का तेही बघा. बेस एकावर एक रचलेले असताना यूव्ही कमी शोषतात आणि रचना मोडली की जास्त, म्हणजे मशीनवर आपण मुळात स्टॅकिंग तुटतानाच बघत असतो.

जीसीमध्ये तीन हायड्रोजन बॉन्ड, एटीमध्ये दोन, म्हणून जीसी मजबूत. बरोबर?

बारावीपासून हेच पाठ केलंय आपण सगळ्यांनी, आणि बॉन्डची संख्या खरीच आहे, पण कारण म्हणून अपुरं आहे. स्ट्रँड सुटले तरी बेस काही उपाशी राहत नाहीत, आजूबाजूच्या पाण्याशी हायड्रोजन बॉन्ड करतात, म्हणजे जोडी जमल्यावर निव्वळ फायदा फार थोडा उरतो. डुप्लेक्सला खरा आधार स्टॅकिंगचा. ताटांची चळत असते तसे सपाट बेस ०.३४ नॅनोमीटर अंतरावर एकमेकांवर बसतात, त्यांच्यात व्हॅन डर वाल्स आकर्षण असतं आणि पाणी बाहेर ढकललं जातं. फ्रँक-कामेनेत्स्की यांच्या ग्रुपने २००६ मध्ये हे दोन हिस्से वेगळे मोजले तर एटी जोडीचा स्वतःचा वाटा चक्क अस्थिर करणारा निघाला, जीसीचा जवळपास शून्य, आणि बाकी सगळं स्टॅकिंग. मला हा निकाल फार आवडतो. हायड्रोजन बॉन्ड कामाचे नाहीत असा अर्थ मात्र काढू नका, कोण कोणाशी जुळणार हे तेच ठरवतात.

मग जीसी वाढला की टीएम का वाढतो?

कारण जी आणि सी असलेले शेजार चांगले स्टॅक होतात. सँटालुसिया यांचा १९९८ चा तक्ता बघा (१ मोलर मीठ, ३७ अंश): GC स्टेप, म्हणजे एकाच स्ट्रँडवर G च्या पुढे C, −२.२४ किलोकॅलरी प्रति मोल, CG −२.१७, AA −१.००, AT −०.८८ आणि TA फक्त −०.५८. आता AAAAAA आणि TATATA घ्या, दोन्हीत जीसी शून्य, हायड्रोजन बॉन्ड बारा-बारा, पण पहिल्याच्या पाच स्टेपची बेरीज −५.०० आणि दुसऱ्याची −३.५०. जीसी टक्केवारी हा फरक पकडूच शकत नाही, म्हणून प्रायमरसाठी नुसती टक्केवारी बघून थांबू नका, क्रमही बघा.

पण फॉर्म्युला कोणता वापरायचा?

लांब डीएनएसाठी मार्मर आणि डोटी यांचा १९६२ चा:

```
Tm = 69.3 + 0.41 × (%GC)
```

हा ठरावीक मिठासाठीच आहे (०.१५ मोलर सोडियम क्लोराइड आणि थोडं सायट्रेट). माणसाचा जीनोम सुमारे ४१ टक्के जीसी म्हणजे साधारण ८६ अंश, टीबीच्या जिवाणूचा ६५.६ टक्के म्हणजे ९६ च्या आसपास. छोट्या प्रायमरला 2(A+T) + 4(G+C) हा नियम सगळे लावतात, पण तो १४ ते २० बेसपर्यंतच जेमतेम चालतो. ४० बेसचा निम्मा जीसी असलेला ऑलिगो घेतला तर उत्तर १२० अंश येतं, त्याचं काय करणार? सोमवारी निअरेस्ट नेबरवालं कॅल्क्युलेटरच वापरा आणि त्यात मीठ, मॅग्नेशियम, प्रायमरची कॉन्सन्ट्रेशन खरी टाका, डिफॉल्टवर सोडू नका.

मिठाने एवढा काय फरक पडतो?

खूप पडतो. दोन्ही स्ट्रँडच्या फॉस्फेटवर निगेटिव्ह चार्ज, ते एकमेकांना ढकलतात, सोडियम-मॅग्नेशियम ते झाकतात. लांब डीएनएत सोडियम दहापट कमी केलं की टीएम साधारण १६ अंशांनी खाली येतो.

गरम झऱ्यातल्या सूक्ष्मजीवांचा जीसी जास्तच असणार ना?

वाटतं तसं, पण नाही. पायरोकोकस फ्युरिओसस १०० अंशांच्या आसपास मजेत वाढतो आणि त्याचा जीसी साधारण ४१ टक्के, म्हणजे आपल्याइतकाच. पेशीत मीठ असतं, डीएनएला बांधणारी प्रोटीन्स असतात, रिव्हर्स जायरेज असतं. शिवाय डीएनएची टोकं मोकळी नसली की तो सहज सुटत नाही. आरआरएनए आणि टीआरएनएत मात्र तापमानाबरोबर जीसी वाढलेला दिसतो, कारण त्यांना स्वतःच घडी धरून ठेवायची असते.

टीबीचा जीन पीसीआरमध्ये येतच नाहीये, बँड दिसत नाही.

जीसी जास्त, त्यामुळे टेम्प्लेट नीट सुटत नाही आणि सुटलेला स्ट्रँड स्वतःशीच घड्या घालून बसतो. डीनॅच्युरेशन ९८ अंशांवर करून बघ (एन्झाइमला चालतं का ते आधी तपास), ५ टक्के डीएमएसओ किंवा १ मोलर बीटेन टाक. डीएमएसओने प्रायमरचा टीएमही उतरतो, तेव्हा ॲनीलिंग दोन-तीन अंश खाली घे.