सूचना: कम्युनिटी रूमच्या वाय-फायचा नवा पासवर्ड

फोंडा, दि. 8 जून 2026

सर्व सभासद व भाडेकरूंस,

कम्युनिटी रूममधील वाय-फायचा पासवर्ड बुधवार, दि. 10 जून रोजी सकाळी 10 वाजता बदलेल. जुना पासवर्ड त्यानंतर चालणार नाही. नेटवर्कचे नाव तेच राहील.

```
नेटवर्क: Sabhagruha
पासवर्ड: Paus7-Aboli-Ghumat
```

P, A आणि G ही तीनच अक्षरे कॅपिटल आहेत. मध्ये दोन आडव्या रेघा आहेत, कुठेही जागा सोडायची नाही. Aboli मधले चौथे अक्षर एल आहे, एकचा आकडा नव्हे.

नाव तेच असल्यामुळे काही फोन जुनाच पासवर्ड लावत बसतील आणि जोडणी होणार नाही. अशा वेळी वाय-फायच्या यादीत Sabhagruha वर जाऊन Forget करावे आणि नवा पासवर्ड टाकावा. आयफोनवर तेच Forget This Network असे दिसते. ज्येष्ठ सभासदांनी फोन घेऊन कार्यालयात यावे, आम्ही जोडून देऊ.

बदलाचे कारण सांगायलाच हवे. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या काही फ्लॅटांत येणाऱ्या पाहुण्यांसाठी सूचनांचा जो कागद लावलेला असतो, त्यावर आपला पासवर्ड छापलेला आढळला. शनिवार-रविवारी गाड्या भरून माणसे येतात, रात्रभर सिनेमे चालतात आणि इकडे खाली मुलांचा ऑनलाइन क्लास अडकत राहतो. शिवाय कनेक्शन सोसायटीच्या नावावर आहे. त्यावरून कोणी भलतेसलते केले तर चौकशी आधी आपल्याच दारात येईल. पाहुण्यांच्या इंटरनेटची सोय ज्याच्या त्याच्या फ्लॅटमालकाने करावी. भाडेकरू म्हणून इथे राहणाऱ्यांना मात्र हे वाय-फाय पूर्वीसारखेच खुले आहे.

ही सूचना प्रत्येक फ्लॅटला कागदावर दिली आहे, नोटीस बोर्डावर लावलेली नाही. तिचा फोटो काढून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. वॉचमनला पासवर्ड दिलेला नाही, त्यामुळे त्याला विचारून त्याची पंचाईत करू नये.

आता पावसाचे दिवस. वीज गेली की राउटर बंद पडणार. वीज आल्यावर नेट सुरू व्हायला चार-पाच मिनिटे लागतात, तेवढे थांबावे. राउटरच्या मागच्या बारीक भोकात कृपया पिन घालू नये. गेल्या पावसाळ्यात कोणीतरी हा उपाय केला; राउटर कारखान्यातून आला तसा कोरा झाला आणि माणूस येऊन सगळे परत बसवून देईपर्यंत खोलीत नेट नव्हते. तेही नेमके चवथीच्या तोंडावर, आरतीच्या तालमी चालू असताना.

पाच-दहा मिनिटे थांबूनही नेट आले नाही, तर कार्यालयात संध्याकाळी 6 ते 7 या वेळेत कळवावे. रविवारी कार्यालय बंद असते.

सचिव
व्यवस्थापकीय समितीकरिता