कर्वेनगर ते वाई : मामा-मामींसाठी रस्ता

मामा, तुम्ही पाठवलेला नकाशाचा स्क्रीनशॉट पाहिला. निळी रेघ बरोबर आहे, तोच रस्ता धरा. शेजारची करडी रेघ जुन्या कात्रज घाटाची आहे, तिकडे जायचं नाही. एकूण साधारण ८० ते ८५ किलोमीटर. सकाळी सातला निघालात तर वाटेत चहा घेऊनही साडेनऊपर्यंत लग्नाच्या कार्यालयात पोचाल.

मामी, हे तुम्ही मोठ्याने वाचायचं. एक टप्पा पार पडला की मगच पुढचा.

घरातून निघताना गाडीचा ट्रिप मीटर शून्य करा. खालचे आकडे तिथूनचे आहेत. एखाद-दोन किलोमीटर इकडेतिकडे होतील, म्हणून भरवसा खुणेवर ठेवा.

कर्वेनगरहून सरळ वारज्याकडे. समोर हायवेचा पूल दिसेल. पुलाखालून पलीकडे जायचं नाही, पुलाच्या अलीकडेच डावीकडे सर्व्हिस रोडला लागा आणि तिथून हायवेवर चढा. पाटीवर 'सातारा' दिसलं पाहिजे. 'मुंबई' दिसलं तर उलट्या बाजूला आलात.

हायवेवर आलात की सरळ. आधी नदी, मग वडगावचा पूल, मग नवले पूल. इथे डावीकडे कात्रजकडे जाणारी वाट फुटते आणि बरीच वाहनं तिकडे वळतात. त्यांच्या मागे जाऊ नका. हायवे सोडायचा नाही. पुढे चढ लागतो आणि नवा बोगदा येतो. बोगद्यात दिवे लावा, ओव्हरटेक नको.

बोगद्यातून बाहेर पडल्यावर शिंदेवाडीला जुन्या घाटाचा रस्ता डावीकडून येऊन मिळतो. तिथून एकदम गाड्या आत शिरतात, जरा मधल्या लेनमध्ये राहा.

सुमारे २२ किलोमीटरवर खेड शिवापूरचा टोलनाका. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, ते आदल्या रात्रीच बघून ठेवा. जाताना टोल हा एवढाच.

यापुढे बराच वेळ वळण नाही. नसरापूर फाटा, मग सुमारे ३५ किलोमीटरवर कापूरहोळ. भोरला जाणारे इथे उजवीकडे वळतात, आपण सरळ. त्यानंतर सारोळ्याला नीरा नदीचा पूल. पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागला. लगेच शिरवळ. चहा घ्यायचा तर इथेच घ्या, पुढे घाट आहे आणि मामींना घाटात भरल्या पोटी त्रास होतो हे मला आठवतंय, तेव्हा नाश्ता मात्र हलकाच.

खंडाळा गेलं की खंबाटकी घाट. साताऱ्याकडे जाणारी वाहनं घाट चढून जातात आणि पुण्याकडे येणारी बोगद्यातून, त्यामुळे घाटात समोरून गाड्या येत नाहीत. पण ट्रक फार हळू चढतात. त्यांच्या मागे धीर धरा, आतल्या बाजूने काढायचा मोह नको. नवीन बोगद्याच्या कामामुळे कुठे वाहतूक वळवलेली असली तर पाटी किंवा पोलीस सांगतील तसं जा. घाट उतरलात की वेळे गाव.

आता लक्ष द्या, सगळ्यात महत्त्वाचं वळण हेच. वेळे गेलं की डावी लेन धरा आणि 'सुरूर', 'वाई', 'महाबळेश्वर' या नावांची पाटी बघत राहा. सुरूर फाट्याला आधी डावीकडे सर्व्हिस रोडवर उतरायचं आणि मग हायवेच्या खालून उजवीकडे वाईच्या रस्त्याला लागायचं. वाई उजव्या हाताला आहे म्हणून उजव्या लेनमध्ये थांबलात तर फाटा हुकलाच म्हणून समजा.

समजा हुकला आणि भुईंजची पाटी दिसली, तर मागे रिव्हर्स घेऊ नका. तसंच पाचवडपर्यंत जा, तिथूनही वाईला रस्ता आहे. थोडा फेरा पडेल, एवढंच.

सुरूरच्या पुलाखालून बाहेर आलात की ट्रिप मीटर पुन्हा शून्य करा. आता दुपदरी रस्ता, गावं आणि उसाचे ट्रॅक्टर. नऊ किलोमीटर झाले की वेग कमी करा. डाव्या हाताला पेट्रोल पंप दिसेल. पंपानंतर साधारण दोनशे मीटरवर डावीकडेच कार्यालयाचं लाल फाटक, त्यावर झेंडूच्या माळा लावलेल्या असतील. वाईचा एसटी स्टँड दिसला तर पुढे आलात, कुणालाही विचारून मागे वळा.

पार्किंग मंडपाच्या मागे आहे. फाटकापाशी गाडी उभी करू नका, वरात तिथूनच येणार.

परतताना सुरूरहून पुण्याकडे वळलात की खंबाटकीचा बोगदा लागेल. कात्रजचा नवा बोगदा संपल्यावर नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. तिथे गाडी गिअरमध्येच ठेवा, मागून ट्रक येत असतात.

अडलात तर गाडी बाजूला घेऊन मला फोन करा. समोर कोणती पाटी आहे ते मामींनी वाचून दाखवलं की पुढचं मी सांगते.