डावीकडे बिस्किट, उजवीकडेही बिस्किटच

डावीकडचा फोटो आमच्याकडच्या ग्रूमिंगच्या आधीचा, उजवीकडचा नंतरचा. दोन्ही एकाच दिवशीचे, एकाच टेबलावरचे आणि एकाच ट्यूबलाइटखालचे. फिल्टर लावलेला नाही.

बिस्किट हा चार वर्षांचा शिहत्झू कुत्रा. पावसाळाभर रोज भिजून यायचा, वरवर पुसला जायचा आणि केस आतून ओलेच राहायचे. शिहत्झूचे केस माणसासारखे वाढतच राहतात. ते ओले राहिले, विंचरायचे राहून गेले की जटा होतात. त्याही सगळ्यात आधी कानामागे, काखेत, जांघेत आणि पट्ट्याखाली, म्हणजे वरून हात फिरवला तर कळणारच नाही अशा जागी. बिस्किटच्या काकू म्हणाल्या, "अहो, मी रोज ब्रश करते त्याला!" करतही होत्या, पण ब्रश वरच्या वर फिरत होता. यात काकूंचा दोष नाही, मुळाशी फणी लावून बघायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

काकूंना केस लांबच ठेवायचे होते. आम्ही नाही म्हटलं. कातडीला चिकटलेली जट ओढून सोडवायची तर तासन् तास त्याचे केस ओढत बसावं लागतं, आणि ते दुखतं. म्हणून ७ नंबरचं ब्लेड लावलं. त्यानं अंगावर साधारण ३ मिलिमीटर केस उरतात. तोंडाचे, मिशांचे आणि शेपटीचे केस मोकळे होते, ते कात्रीनं आकार देऊन ठेवले. आधी मशीन, मग आंघोळ, कारण जटा भिजल्या की आणखी घट्ट बसतात. मध्ये दोनदा थांबून बिस्किटला पाणी पाजलं, खाली फिरू दिलं. वेळ लागला अडीच तास.

आता उजवीकडच्या फोटोबद्दल. जीभ बाहेर आहे, तोंड उघडं आहे, आणि "किती हसतोय!" अशी कमेंट येणार हे आम्हाला माहीत आहे. खरं सांगायचं तर तो धापा टाकतोय. ड्रायर नुकताच बंद झाला होता, जागा अनोळखी होती, काकू समोर नव्हत्या. कुत्रा धाप टाकतो ती अंग थंड करायला, कधी ताणामुळेही. फोटोवरून बिस्किट खूश आहे असं आम्ही म्हणणार नाही. जटा निघाल्या, डोळ्यांवरची झुलपं गेली, नखं कापली, पंजाखालचे केस काढले, एवढं मात्र नक्की सांगू.

काखेतली जट निघाल्यावर खाली कातडी लाल दिसली. त्यावर आम्ही काहीही लावलं नाही. फोटो काढून काकूंना दाखवला आणि डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. खाज, पुरळ, कानाचा वास किंवा गोचीड ताप यांवरचा इलाज आमच्याकडे नाही. ग्रूमिंगनं गोचीड दिसू शकते, रोग बरा होत नाही. "मेडिकेटेड बाथ"ची विचारणा रोज होते. डॉक्टरांनी शाम्पू लिहून दिला असेल तर तो घेऊन या, आम्ही तोच वापरू. झोपेचं औषध देऊनही आम्ही ग्रूमिंग करत नाही.

एवढे केस अचानक गेले की काही कुत्री एक-दोन दिवस कोपऱ्यात बसतात, अंग खाजवतात, कान झटकतात. बिस्किटच्या घरीही हे सांगून ठेवलंय. खाजवणं थांबलं नाही किंवा कान सुजला, तर वाट न बघता डॉक्टर गाठायचे. केस वाढेपर्यंत भर दुपारच्या उन्हात फिरवू नका.

हा फोटो बघून कुणी लॅब्रॅडॉर, गोल्डन किंवा पॉमेरेनियन घेऊन "असंच बारीक करा, उकडतं हो त्याला" म्हणत येऊ नका, प्लीज. त्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. सरसकट मशीन मारलं तर केस परत नीट येतीलच याची खात्री नाही. त्यांचे गळणारे आतले केस आम्ही विंचरून काढतो, तेवढ्यानंही खूप फरक दिसतो. घरातल्या सोफ्यावर तर नक्कीच.

दर: शिहत्झू, ल्हासा यांसारख्या लहान जातींना आंघोळ, पूर्ण कटिंग, नखं आणि कानांची बाहेरून सफाई मिळून १,४०० रुपये. जटा जास्त असतील तर ३०० रुपये वेगळे, तेही मशीन लावण्याआधी तुम्हाला दाखवून आणि विचारून. रेबीजच्या लसीचं कार्ड सोबत हवं. कुत्रा फारच घाबरला तर काम अर्धवट थांबवतो, आणि जेवढं झालं तेवढ्याचेच पैसे घेतो.

कोथरूडमध्ये आहोत. सोमवारी बंद. दिवाळीच्या आधीचे रविवार भरत आलेत, मधले वार अजून मोकळे आहेत. मेसेज करताना जात, वय आणि कानामागचा एक फोटो पाठवा, म्हणजे किती वेळ लागेल ते नीट सांगता येईल.

(फोटो बिस्किटच्या काकूंच्या परवानगीने.)

#आधीआणिनंतर #शिहत्झू #पुणे #कोथरूड #पेटग्रूमिंग #कानामागेबघा