काकांच्या क्लेम फॉर्मचं मराठी

शैलाकाकू,

तुम्ही पाठवलेल्या दोन्ही फोटोंचं मराठी खाली देते. हे फक्त तुम्हाला समजावं म्हणून आहे. सही करून द्यायचा तो मूळ इंग्रजी फॉर्मच. आकडे आणि कोड छापलेत तसेच ठेवलेत.

भाग अ : विमाधारकाने भरावयाचा
"हा फॉर्म देणे म्हणजे दायित्व मान्य केले असे समजू नये."
पॉलिसी क्रमांक : 4016200825073318
(फोटोत शेवटचा अंक घडीवर आलाय, 3 वाटतो. यंदाच्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर 8 आहे, तोच धरलाय. फॉर्मवर नीट उमटलाय का तेवढं बघा.)
विमाधारकाशी रुग्णाचे नाते : पती
दाखल : 09/06/2025
घरी सोडले : 12/06/2025

भाग ब : रुग्णालयाने भरलेला
निदान झालेल्या आजाराचा तपशील
मुख्य निदान : K80.0 – पित्ताशयातील खडे, तीव्र पित्ताशयदाहासह
अतिरिक्त निदान : काही नाही
सहव्याधी : E11.9 – टाइप 2 मधुमेह, गुंतागुंतीविना
केलेली शस्त्रक्रिया : 0FT44ZZ – दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढणे

सहव्याधीची ओळ बघून घाबरू नका आणि ती काढायलाही सांगू नका. काकांना साखर आहे, पॉलिसी घेताना ती कळवलेलीही आहे; डॉक्टरांनी खरं तेच लिहिलंय. ते लपवलं तर काय होतं, हे पुढच्या घोषणेतच आहे.

विमाधारकाची घोषणा
"मी याद्वारे घोषित करतो/करते की, या दावा फॉर्ममध्ये दिलेली माहिती माझ्या माहितीप्रमाणे व विश्वासाप्रमाणे खरी आणि बरोबर आहे. या दाव्यासंबंधी विचारलेल्या प्रश्नांबाबत मी कोणतेही खोटे वा असत्य विधान केले असल्यास, अथवा कोणतीही महत्त्वाची वस्तुस्थिती दडपली वा लपवली असल्यास, प्रतिपूर्ती मागण्याचा माझा हक्क जप्त होईल. ज्या व्यक्तीसाठी हा दावा केला आहे तिच्यावर उपचार करणाऱ्या कोणत्याही रुग्णालयाकडून / वैद्यकीय व्यावसायिकाकडून आवश्यक वैद्यकीय माहिती / कागदपत्रे मागवण्यास मी टीपीए / विमा कंपनीला संमती व अधिकार देतो/देते. या दाव्यासाठीची सर्व बिले / पावत्या मी जोडल्या आहेत, आणि दाखल होण्यापूर्वीचा / घरी सोडल्यानंतरचा दावा असल्यास तो वगळता मी कोणताही पुरवणी दावा करणार नाही, असे मी याद्वारे घोषित करतो/करते."

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, काकू. दाखल असतानाच्या तीन दिवसांतली एखादी पावती राहिली तर ती मागाहून देता येणार नाही. म्हणून औषधांच्या दुकानाच्या सगळ्या पावत्या आत्ताच जोडा. आधीची सोनोग्राफी आणि आता चालू असलेली गोळ्यांची बिलं मात्र वेगळी ठेवा, ती पॉलिसीतल्या मुदतीत नंतर देता येतील.

पॉलिसी तुमच्या नावावर आहे, त्यामुळे घोषणेखाली सही तुमची, काकांची नाही. बँकेत करता तशीच करा, आणि पाठवण्याआधी सही केलेल्या पानांचे फोटो मला पाठवा.

मेघना