विषय: परत नेलेल्या मिक्सरचे ₹४,२९९ अद्याप न मिळाल्याबाबत (ऑर्डर क्र. ४०७-८८२१६-५५३)

दि. ४ जुलै २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय / महोदया,

२ जूनला आपल्या ॲपवरून तीन भांड्यांचा मिक्सर मागवला आणि पैसे यूपीआयने भरले. ५ तारखेला तो आला, पण चटणीच्या भांड्याला बुडाशी तडा होता. पाणी घातलं की ओट्यावर थेंब. त्याच संध्याकाळी रिटर्न टाकला आणि तो मंजूरही झाला.

९ जूनला दुपारी आपला माणूस पार्सल न्यायला आला. त्याने खोका उघडून तिन्ही भांडी मोजली, मोटरखालचा नंबर मोबाईलवर ताडून पाहिला, फोटो काढले, स्टिकर चिकटवलं आणि "ताई, ओटीपी सांगा" म्हणून ओटीपी घेतला. त्या मुलाचं काम चोख होतं. १३ तारखेपासून ॲपवर "तपासणी पूर्ण, रिफंड ५ ते ७ दिवसांत" असं दिसतंय. आजही तेच दिसतंय.

मी चार वेळा फोन केला. तीनदा "दोन दिवसांत येतील" असं सांगितलं. २४ जूनला उत्तर बदललं: "आमच्याकडून पैसे गेलेत, बँकेत विचारा." कर्वे रोडवरच्या शाखेत जाऊन पासबुक भरून घेतलं. आपल्याकडून एक रुपयाही जमा नाही. तिथल्या बाईंनी रिफंडचा आरआरएन नंबर मागितला. त्याशिवाय शोधणार कशावरून? तो हेल्पलाइनला मागितला, तर "आम्हाला दिसत नाही." पैसे पाठवले असतील तर नंबर असायलाच हवा. तक्रार मात्र दर वेळी "निराकरण झाले" म्हणून बंद होते, आणि लगेच सेवेला किती तारे देणार असा मेसेज येतो.

३० जूनला ही रक्कम ॲपच्या वॉलेटमध्ये टाकू का, असं विचारलं गेलं. ते मला मान्य नाही. पैसे माझ्या बँक खात्यातून गेले, तिथेच परत यावेत.

तेव्हा ११ जुलैपर्यंत ₹४,२९९ खात्यात जमा करावेत, किंवा ते पाठवले असतील तर तारीख आणि आरआरएन नंबर लेखी कळवावा. "प्रक्रिया सुरू आहे" हे उत्तर मी धरणार नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. ११ तारखेपर्यंत काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन, आणि त्यानेही भागलं नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तिथे एवढ्या रकमेला शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही.

सोबत: बिल, तडा गेलेल्या भांड्याचा फोटो, पार्सल नेल्याचा मेसेज, ॲपचे स्क्रीनशॉट, जून महिन्याचं पासबुक.

आपली,
मीनल कुलकर्णी
कोथरूड, पुणे ४११०३८
(फोन व ईमेल ॲपमधील खात्यावर नोंदवलेलेच)