पालकसभा, पाचवी-सहावी: हजेरी, गृहपाठ आणि मूल्यमापन यावरचं बोलणं

नमस्कार सगळ्यांना. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, बाकं मुलांची आहेत, थोडं अवघडून बसावं लागेल, पण या. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून फर्स्ट शिफ्ट करून थेट इकडे आलेले बरेच जण दिसतायत, त्यामुळे मी फार ताणत नाही. पंचवीस मिनिटं बोलते, मग तुमचे प्रश्न.

ऑफिसने स्लाईड दिल्यात, त्यावर सगळे नियम आहेत. ते मी वाचून दाखवणार नाही, तुम्हाला वाचता येतात. हजेरी, गृहपाठ आणि मूल्यमापन असे तीन वेगळे विषय लिहिलेत पण खरं सांगू का, हे तीन नाहीतच, एकच आहे. ते कसं ते सांगते.

(स्लाईड: हजेरी)

इथे लिहिलंय, वर्षाची हजेरी किमान ९० टक्के. हा आपल्या शाळेचा नियम. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे असं आहे. आता तुम्ही म्हणाल मॅडम आमचा मुलगा महिन्यातून दोनच दिवस राहतो घरी. बरोबर, पण दहा महिने धरले की वीस दिवस झाले, म्हणजे पाचवीच्या २०० दिवसातले दहा टक्के तिथेच संपले, आणि अजून ताप-खोकला यायचाच आहे!

आजारी असेल तर अजिबात पाठवू नका, त्याबद्दल तक्रार नाही. माझं म्हणणं बाकीच्या सुट्ट्यांबद्दल आहे. सोमवारची हजेरी बघा कधी, वर्ग अर्धा रिकामा वाटतो कारण शनिवारी धुळ्या-जळगावला गेलेली मंडळी सोमवारी दुपारी परत येतात. लग्नसराई आली की हळदीपासून सत्यनारायणापर्यंत सगळं. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जायचं असतं. मखमलाबाद-आडगावकडच्या मुलांचं तर द्राक्षाची तोड सुरू झाली की घरात सगळ्यांनाच काम. मी नाही म्हणत जाऊच नका. लग्न आहे ना, जा, पण एक दिवस जा, चार नको. आणि आधी डायरीत लिहून द्या. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर 'आज येणार नाही' एवढंच येतं, त्याचं आम्ही काय करायचं.

सलग तीन दिवस मूल आलं नाही आणि निरोपही नाही तर वर्गशिक्षक फोन करतील. तो रागावायला नसतो हं, उचला. शाळेत म्हणून निघालेलं मूल कुठे आहे हे आम्हाला पण कळायला हवं.

(स्लाईड: मूल्यमापन. ही शेवटची होती, मी आधी घेते.)

पाचवी-सहावीला प्रत्येक विषयाचे १०० गुण कसे होतात? ५० आकारिक, ५० संकलित. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा, तोंडी आणि लेखी, ती सगळ्यांना माहीत असते, त्या आठवड्यात घरातला टीव्हीसुद्धा बंद होतो. आकारिक म्हणजे रोजचं, वर्गात मूल काय बोलतं, प्रयोग करताना हात लावतं का, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय. निम्मे गुण इथे आहेत! परीक्षेच्या दिवशी टिळा लावून पाठवलं आणि वर्षभर सोमवारी घरी ठेवलं तर या पन्नासाचं कसं होणार? गटात प्रयोग केला त्या दिवशी मूल नव्हतं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या एकट्यासाठी तो गट परत बसत नाही.

पाचवीच्या पालकांनी इकडे जरा लक्ष द्या. 'आठवीपर्यंत कोणी नापास करत नाही' हे अजून सगळीकडे ऐकू येतं. कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्राने २०२३ ला नियम बदलला. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, विषयात ३५ टक्के लागतात. कमी पडले तर शाळा जादा मार्गदर्शन देणार आणि निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा होणार. त्यातही नाही झालं तर मूल त्याच वर्गात राहतं. शाळेतून मात्र काढत नाहीत, आठवी पूर्ण होईपर्यंत कोणालाच काढता येत नाही. घाबरवायला सांगत नाही, पण मार्चमध्ये ऑफिसबाहेर उभं राहून 'आम्हाला कोणी सांगितलंच नाही' असं होऊ नये म्हणून सांगते.

आणि श्रेणीबद्दल. अ-१ म्हणजे ९१ ते १००, अ-२ म्हणजे ८१ ते ९०. ग्रुपवर प्रगतीपत्रकाचे फोटो टाकू नका प्लीज. ब-२ मिळालेलं मूलही तो फोटो आईच्या मोबाईलवर बघतं.

(स्लाईड: गृहपाठ)

नियम साधा आहे, रोज सगळे विषय मिळून पाऊण तास, शनिवारी फक्त वाचन. पाऊण तास झाला की थांबवा. उरलं तर उरलं, तिथे पेन्सिलने 'इथे अडलं' लिहा, खाली सही करा. शिक्षा होणार नाही.

आता मला सगळ्यात जास्त जे बोलायचंय ते. फळ्यावर बघा, सहावीचं गणित आहे, ३/४ + १/६. बरीच मुलं उत्तर लिहितात ४/१०. वरचे दोन मिळवले, खालचे दोन मिळवले, झालं. हे चुकीचं उत्तर माझ्यासाठी सोन्यासारखं आहे, कारण ते बघितल्या बघितल्या मला कळतं की छेद समान का करायचे हेच डोक्यात गेलेलं नाही, उद्या पट्ट्या कापून परत शिकवायला हवं. आणि घरी काय होतं, बाबा बघतात, खोडरबर घेतात, 'अरे ९/१२ अधिक २/१२, लिही ११/१२'. वही माझ्याकडे येते, सगळं बरोबर, मी टिक करते आणि पुढे जाते. मूल तिथेच राहिलं. चाचणीत परत ४/१० येतं आणि मग तुम्ही म्हणता घरी तर सगळं येत होतं.

म्हणून चूक खोडू नका. शेजारी बसा, 'हे कसं केलंस, सांग' एवढं विचारा. स्वतःला येत नसेल तरी हे विचारता येतं, त्याला दहावी पास असावं लागत नाही. आजी विचारू शकते.

प्रकल्पाचंही तेच. दुकानातून तयार ज्वालामुखी आणायचा, वर थर्माकोलवर नाव छापून, आम्हाला लगेच कळतं हो. आम्ही मुलाला दोन प्रश्न विचारतो आणि गुण त्या उत्तरांना देतो, मॉडेलला नाही. तीनशे रुपये वाचवा. जुन्या पुठ्ठ्याचं वाकडंतिकडं चालेल.

गृहपाठ ग्रुपवर टाकणं या महिन्यापासून बंद. मुलांनी फळ्यावरून डायरीत उतरवायचा, नाही उतरवला तर मित्राला विचारायचं. रात्री साडेदहाला 'मॅम आज काय दिलंय' याला उत्तर येणार नाही, आधीच सांगून ठेवते.

माझं झालं. बाकांवर तुमच्या मुलांच्या गणिताच्या वह्या ठेवल्यात, लाल पेनाचा गोल आहे ते पान उघडा. प्रश्न असतील तर आत्ता विचारा, आणि एकट्याचं काही बोलायचं असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर मी स्टाफरूममध्ये असते. हां दादा, तुमचा हात वर होता, बोला.