शिक्षण शुल्क हप्त्यांनी भरण्याची परवानगी मिळणेबाबत विनंती अर्ज

दि. २२ जुलै २०२४

प्रति,
मा. वित्त व लेखा अधिकारी,
वित्त व लेखा विभाग,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ,
गणेशखिंड, पुणे ४११००७

मार्फत : मा. संचालक, आंतरराष्ट्रीय केंद्र

विषय : एम.ए. (मराठी) द्वितीय वर्षाचे शिक्षण शुल्क तीन हप्त्यांत भरण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : शैक्षणिक वर्ष २०२४-२५ साठीचे दि. ८ जुलै २०२४ चे शुल्क मागणीपत्र.

महोदय,

मी, प्रीती भिवाजी, मॉरिशसची नागरिक असून आपल्या विद्यापीठाच्या मराठी विभागात एम.ए.च्या द्वितीय वर्षाला प्रवेश घेत आहे. संदर्भाधीन मागणीपत्रानुसार मला शिक्षण शुल्कापोटी १,६०,००० रुपये आणि परीक्षा, ग्रंथालय व इतर शुल्कांपोटी ८,४०० रुपये असे एकूण १,६८,४०० रुपये दि. ३१ जुलै २०२४ पर्यंत भरावयाचे आहेत. यांपैकी ६८,४०० रुपये मी मुदतीच्या आत भरत असून उरलेले १,००,००० रुपये दोन हप्त्यांत, याच शैक्षणिक वर्षात, भरण्याची परवानगी मिळावी, अशी माझी विनंती आहे. मी शुल्कात सवलत किंवा माफी मागत नाही, हे आरंभीच नमूद करते.

मॉरिशसहून येणारे बरेचसे विद्यार्थी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर येत असल्यामुळे माझ्या बाबतीतही शुल्क परिषदेकडून येईल, असा समज मागील वर्षी एक-दोनदा झाला होता. तसे नाही. मी स्वखर्चाने शिकत आहे आणि माझा सर्व खर्च माझे आईवडील करतात. प्रथम वर्षाचे संपूर्ण शुल्क आम्ही ऑगस्ट २०२३ मध्ये एकरकमी भरले होते, त्याची पावती सोबत जोडली आहे. वसतिगृहाचे यंदाचे शुल्कही मी भरले असून विद्यापीठाची अन्य कोणतीही थकबाकी माझ्याकडे नाही.

यंदा एकरकमी भरणा शक्य न होण्याचे कारण असे की, माझे वडील व्हाकोआ परिसरातील शेतकऱ्यांकडून भाजी उचलून ती स्वतःच्या व्हॅनमधून राजधानी पोर्ट लुईच्या बाजारात पोहोचवितात. दि. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळाच्या पावसाने पोर्ट लुईत पूर आला आणि रस्त्यांवरील अनेक वाहने पाण्यात गेली, त्यांत वडिलांची व्हॅनही होती. व्हॅनचा विमा केवळ त्रयस्थ पक्षाच्या नुकसानीपुरता असल्यामुळे इंजिन बदलण्याचा सगळा खर्च आम्हालाच सोसावा लागला, आणि व्हॅन दारात उभी असेपर्यंत धंदाही बंद राहिला. माझ्या द्वितीय वर्षासाठी बाजूला ठेवलेली रक्कम या कामी खर्ची पडली. ती कमी पडल्यामुळे वडिलांनी गावच्या पतसंस्थेतील आपल्या मुदत ठेवीवर कर्जही उचलले. गॅरेजचे बिल फ्रेंच भाषेत असल्याने त्याचा मराठी तर्जुमा मी स्वतः करून जोडला आहे; आपल्या कार्यालयास अधिकृत भाषांतरच हवे असल्यास तसे करून सादर करीन.

आता व्हॅन पुन्हा सुरू झाली आहे आणि घरची आवक पूर्ववत होत आहे. प्रश्न आहे तो रक्कम हाती येण्याच्या वेळेचा, आणि म्हणूनच हप्त्यांच्या तारखा मी अंदाजाने न सुचविता, कोणता पैसा केव्हा येणार हे पाहून सुचवीत आहे.

पहिला हप्ता ६०,००० रुपयांचा असून त्यासोबत इतर शुल्कांचे ८,४०० रुपये, म्हणजे वर म्हटल्याप्रमाणे ६८,४०० रुपये, भरण्याची तयारी आहे. ही रक्कम माझ्या येथील बँक खात्यात जमा झालेली आहे आणि परवानगीचा निर्णय काहीही झाला तरी ती दि. ३१ जुलैपूर्वी भरली जाईल. दुसरा हप्ता ६०,००० रुपयांचा, दि. १० जानेवारी २०२५ पर्यंत, म्हणजे चौथ्या सत्राच्या आरंभी भरीन. माझी आई एका हॉटेलच्या धुलाई विभागात कायम नोकरीत आहे. मॉरिशसमध्ये वर्षअखेरीचा बोनस देणे मालकांवर कायद्याने बंधनकारक असून त्याचा पाऊण हिस्सा नाताळच्या आधीच कामगारांच्या हाती पडतो. आईचा बोनस आणि वडिलांची डिसेंबरातील मिळकत, जी सणासुदीमुळे एरवीपेक्षा चांगली असते, यांतून हा हप्ता निघेल. तारीख डिसेंबरअखेरची न धरता दहा दिवस पुढची धरली आहे ती केवळ परदेशातून रक्कम येण्यास लागणारा वेळ आणि मधल्या सुट्ट्या लक्षात घेऊन.

तिसरा व अखेरचा हप्ता ४०,००० रुपयांचा, दि. १५ मार्च २०२५ पर्यंत. पतसंस्थेतील ठेवीची मुदत फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस संपते. ती ठेव आजच मोडून शुल्क का भरत नाही, असा प्रश्न आपणांस पडणे साहजिक आहे. इंजिनाच्या कर्जासाठी ती तारण असल्यामुळे कर्ज फिटेपर्यंत तिला हात लावता येत नाही. कर्जाचा शेवटचा हप्ताही फेब्रुवारीतच फिटत असून त्यानंतर कर्ज वजा न होता ठेवीची संपूर्ण रक्कम वडिलांना मिळेल, असे पतसंस्थेचे पत्र सोबत आहे.

दरमहा लहान हप्ते भरणे वरकरणी सोपे वाटते, परंतु परदेशातून पैसे पाठविताना प्रत्येक वेळी तेथील बँकेचे शुल्क, येथील बँकेचे शुल्क आणि पुष्कळदा मधल्या बँकेची कपात असा तिहेरी भुर्दंड पडतो. मागील वर्षी थेट विद्यापीठाच्या खात्यावर पाठविलेली रक्कम वाटेतील अशा कपातीमुळे १,३५० रुपयांनी कमी पोहोचली होती, आणि तो फरक मी आपल्या विभागाच्या खिडकीवर स्वतंत्र चलनाने भरून पावती घेतली होती. आपल्या कार्यालयालाही एका विद्यार्थ्याच्या नावे दहा नोंदी ठेवण्याचा आणि प्रत्येक तुटीचा पाठपुरावा करण्याचा त्रास होईल. त्यामुळे तीनच हप्ते मला योग्य वाटतात. यंदा घरची रक्कम आधी पुण्यातील माझ्या एनआरओ खात्यात येईल आणि तेथून विद्यापीठाचे पूर्ण देणे भारतीय रुपयांत भरले जाईल. मधली कपात आणि मॉरिशस रुपयाच्या दरातील चढउतार आमच्याकडे राहील. विद्यापीठास ठरलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही कमी मिळणार नाही.

हमी म्हणून दुसऱ्या व तिसऱ्या हप्त्याचे, अनुक्रमे दि. १० जानेवारी २०२५ आणि दि. १५ मार्च २०२५ या तारखांचे, माझ्या याच खात्यावरील दोन धनादेश परवानगी मिळताच आपल्या विभागात जमा करण्यास मी तयार आहे. धनादेश न वटल्यास काय कारवाई होते याची मला व माझ्या वडिलांना पूर्ण कल्पना असून त्यांचे स्वाक्षरी केलेले हमीपत्र सोबत जोडले आहे. दिलेल्या तारखेला हप्ता न भरल्यास विलंब शुल्क मूळ मुदतीपासून, म्हणजे दि. ३१ जुलै २०२४ पासून, आकारण्यास माझी हरकत राहणार नाही. तसेच शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत माझे गुणपत्रक व पदवी प्रमाणपत्र राखून ठेवावे, हेही मला मान्य आहे. मात्र ठरलेल्या तारखांना भरणा होत असेल तर विलंब शुल्क आकारू नये, एवढी विनंती आहे.

याला जोडूनच एक बाब आहे, जी माझ्या दृष्टीने हप्त्यांइतकीच निकडीची आहे. माझ्या विद्यार्थी व्हिसाची मुदत दि. १४ सप्टेंबर २०२४ रोजी संपत असून मुदतवाढीचा अर्ज मला ई-एफआरआरओ संकेतस्थळावरून करावयाचा आहे. त्या अर्जासोबत चालू वर्षाचे बोनाफाईड प्रमाणपत्र लागते, आणि आंतरराष्ट्रीय केंद्रात चौकशी केली असता हे प्रमाणपत्र वित्त विभागाकडून शुल्क भरल्याची नोंद आल्याखेरीज देता येत नाही, असे मला सांगण्यात आले. त्यांचे म्हणणे रास्तच आहे. परंतु संपूर्ण शुल्काची नोंद मार्च २०२५ मध्ये होणार असेल आणि व्हिसा सप्टेंबरातच संपणार असेल, तर हप्त्यांची परवानगी मिळूनही मला शिक्षण सोडून परतावे लागेल. यासाठी पहिला हप्ता जमा होताच “मंजूर हप्त्यांनुसार शुल्क नियमित” अशा आशयाची नोंद आपल्या विभागाने केंद्राकडे पाठवावी, आणि तिच्या आधारे बोनाफाईड प्रमाणपत्र देण्यास तसेच तिसऱ्या व चौथ्या सत्रांचे परीक्षा अर्ज स्वीकारण्यास हरकत नसल्याचे कळवावे. मुदतवाढीच्या अर्जास लागणारा वेळ पाहता हे प्रमाणपत्र ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हाती आल्यास मोठी सोय होईल.

विद्यार्थी व्हिसावर भारतात नोकरी करता येत नसल्यामुळे मला स्वतःच्या कमाईतून फरक भरून काढण्याचा मार्ग नाही. घरून येणाऱ्या पैशावरच माझी भिस्त आहे. प्रथम वर्षात मी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले असून दोन्ही सत्रांत माझा कोणताही विषय राहिलेला नाही. मॉरिशसमध्ये मराठी शाळेत शिकविली जाते, आणि परत जाऊन तेथे मराठीची शिक्षिका होण्याचा माझा विचार आहे. त्यासाठी ही पदवी ठरलेल्या वर्षी पूर्ण होणे आवश्यक आहे. मा. मराठी विभागप्रमुखांनी या अर्जावर शिफारस दिली असून तिची मूळ प्रत सोबत जोडली आहे.

मी सुचविलेल्या रकमा किंवा तारखा विद्यापीठाच्या हिशेबाच्या दृष्टीने गैरसोयीच्या असतील तर दुसऱ्या हप्त्याची तारीख डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत अलीकडे आणण्याचा प्रयत्न करता येईल. तिसऱ्या हप्त्याची तारीख मात्र ठेवीच्या मुदतीमुळे फेब्रुवारी संपण्याआधी आणणे शक्य नाही. या संदर्भात प्रत्यक्ष भेटीची गरज वाटल्यास कार्यालयीन वेळेत मी केव्हाही येऊ शकते, कारण सध्या वसतिगृहातच राहते. निर्णय कृपया माझ्या विद्यापीठ ई-मेलवर आणि आंतरराष्ट्रीय केंद्राकडे लेखी कळवावा, म्हणजे त्याची प्रत व्हिसाच्या अर्जासोबत जोडता येईल. मुदत दि. ३१ जुलै रोजी संपत असल्याने निर्णय त्यापूर्वी होऊ शकला नाही, तर पहिला हप्ता “निर्णयाच्या अधीन राहून” स्वीकारण्याच्या सूचना खिडकीवरील कर्मचाऱ्यांना द्याव्यात, ही विनंती.

आपली विश्वासू,

प्रीती भिवाजी
एम.ए. (मराठी), द्वितीय वर्ष
मराठी विभाग

सोबत : मागणीपत्राची प्रत, प्रथम वर्षाच्या शुल्काची व वसतिगृह शुल्काची पावती, दोन्ही सत्रांची गुणपत्रके, पारपत्र व व्हिसाच्या छायाप्रती, गॅरेजचे बिल, मराठी तर्जुम्यासह, आईच्या मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, पतसंस्थेचे पत्र, वडिलांचे हमीपत्र, एनआरओ खात्याचा उतारा, मा. विभागप्रमुखांची शिफारस.

प्रत माहितीसाठी : मा. विभागप्रमुख, मराठी विभाग.